पप्पांच्या नावानं छापून आलेलं पत्र

तेजस्वीच्या हातातला ओला टॉवेल गॅलरीतल्या दोरीवर पडायच्या ऐवजी परत बादलीत पडला. का, तर खाली तालमीच्या कट्ट्यावर बाळासो काकांनी तिच्या पप्पांचं नाव वाचलं. मोठ्यांदा. सगळ्यांच्या म्होरं.

"खाली नाव हाय, गणपतराव खाडे, कोल्हापूर," बाळासो काका म्हणाले. चष्मा वर करून त्यांनी खांबाकडं बघितलं. खांबाला टेकून गणपतराव बसलेले, हातात चहाचा ग्लास.

ह्या गल्लीत पेपर घरात वाचत न्हाईत. तालमीत एकच पेपर येतो, आणि पोस्टातनं रिटायर झालेले बाळासो काका सकाळी सात वाजता तो पहिल्या पानापास्नं वाचायला घेतात. पंधरा-वीस माणसं ऐकतात. निधन वार्ता, कुस्तीचं मैदान, धरणाचं पाणी, आणि शेवटी वाचकांची पत्रं. आणि पत्र वाचलं की खालचं नाव वाचायचंच. नाव वाचल्याशिवाय पत्र संपलं असं कट्ट्यावर कुणी मानतच न्हाय.

हे तेजस्वीला लहानपणापास्नं माहीत हुतं, आणि तरी तिनं ते केलं! आता काय केलं ते सांगायला पायजे, न्हायतर तिची एवढी का फाटली ते कळायचं न्हाय.

गल्लीचा विजयसिंह. तालमीच्या तांबड्या मातीत वाढलेला गडी, आता पक्षाचा प्रवक्ता. संध्याकाळी सातला टीव्हीवरच्या चर्चेत बसतो. बसतो म्हंजे मुंबईला जात न्हाय, आपल्याच बंगल्यातल्या हापिसात कानात यंत्र घालून कॅमेऱ्याम्होरं बसतो, आणि पडद्यावरच्या सहा चौकोनांतल्या एका चौकोनात दिसतो. पोरांनी तालमीत मोठा टीव्ही लावलाय, खास त्याच्यासाठी. तो कुणाला काय बोलला की शिट्ट्या.

गेल्या गुरुवारी तो समोरच्या पक्षाच्या बाईंना त्यांच्या आईवरनं बोलला. काय बोलला ते मी सांगत न्हाय, तुमाला कळलं. लाईव्ह हुतं, त्यामुळं मधी 'टूं' वाजवायला कुणाला वेळच मिळाला न्हाय. अँकर काय म्हणाला? "भाषा जपा, भाषा जपा." हसत हसत. आणि माईक बंद करायचा सोडून, "बोला विजयसिंह, पुढं बोला," म्हणून परत त्यालाच वेळ दिला! रात्री तीच चर्चा परत दाखवली तेव्हा त्या शब्दावर टूं घातलेलं, पण तवर बिनटूंची क्लिप सगळ्या ग्रुपवर फिरून आल्ती. शुक्रवारी समोरच्या पक्षाच्या गड्यानं फेड केली. विजयसिंहच्या बापावरनं.

इथवर तेजस्वीबी बघून सोडून देणारीच हुती. पण शनिवारी दुपारी तिच्या दादाची सहा वर्षांची मोना कॉटवर चार भावल्या मांडून बसली. हातात उलथनं, माईक म्हणून.

"काय खेळतीयास गं?" तेजस्वीनं इचारलं.

"चर्चा चर्चा," मोना म्हणाली. "थांबा थांबा, तुमचा आवाज येत न्हाय. तुमी बोला." आणि मग पाय मोडक्या भावलीकडं वळून तिनं तो शब्द म्हणला. तसाच, आईवरचा, अगदी विजयसिंहच्या झोकात. म्हणून झाल्यावर दोन बोटं तोंडात घातली आणि शिट्टी वाजवायला लागली. वाजंना, नुसती फूफू हवा.

तेजस्वीनं तिच्या हातातलं उलथनं काढून घेतलं. ती तशीच उठली आणि मोबाईल घेऊन बसली. आधी वाहिनीला मेल केला: कार्यक्रमाचं नाव, तारीख, किती वाजून किती मिनिटांनी कोण काय बोललं, सगळं. तक्रार लेखी द्यायची असती आणि थोड्या दिवसांच्या आतच द्यायची असती, असं तिनं वाचलेलं. 'आपली तक्रार मिळाली' असं आपोआप येणारं उत्तर आलं, बास. मग तिनं मोबाईलवरच पेपर काढला. पत्रांच्या खाली बारीक अक्षरात असतं बगा: पत्र दोनशे शब्दांत लिहावं, पूर्ण नाव, पत्ता, फोन नंबर द्यावा, निनावी पत्र छापणार नाही, संक्षिप्त करायचा अधिकार संपादकांचा. तिचं पत्र तीनशे शब्दांचं झालं. कापत कापत दोनशेवर आणलं आणि खाली लिहिलं, गणपतराव आकाराम खाडे.

तिनं काय मुद्दाम फसवलं न्हाय हो. त्यांच्या घरात कागदावर जे काय जातं ते पप्पांच्या नावानंच जातं. गॅस पप्पांच्या नावावर, लाईट बिल पप्पांच्या नावावर. गटार तुंबलं म्हणून महापालिकेला अर्ज, तोबी तेजस्वीनंच टाईप करायचा आणि खाली पप्पांचं नाव. पप्पा शिरोलीला फौंड्रीत साचे भरतात, मोबाईल लॉकरात ठेवतात, म्हणून नंबर तेवढा तिचा. हात आपोआप गेला. आणि खरं सांगायचं तर, पोरीचं नाव बघून गल्लीतली पोरं काय बोलतील ह्याचीबी भीती हुती. पप्पांचं नाव घातलं की कसं, छत्रीखाली उभारल्यागत वाटलं तिला.

रविवारी दुपारी पेपरातनं बाईंचा फोन आला. आवाज एकदम घाईतला.

"गणपतराव खाडे आहेत का? पत्र आलंय त्यांचं."

"मी त्यांची मुलगी."

"पत्र त्यांनीच लिहिलंय ना?"

तेजस्वी म्हणाली, "हो."

"प्रवक्त्याचं नाव काढतेय मी, 'एका पक्षाचे प्रवक्ते' करते. शब्दाच्या जागी फुल्या. तारीख आणि वाहिनी राहू दे. जागा कमी आहे, शेवटचं थोडं कापावं लागेल. आणि हा नंबर चालू ठेवा, पत्राबद्दल काहीही निघालं तरी आम्ही याच नंबरवर विचारतो."

शेवटचं थोडं कापलं म्हंजे काय कापलं? शुक्रवारचं! समोरच्या पक्षाचा गडीबी तसाच बोलला, दोघांचेबी माईक बंद करायला पायजे हुते, ही नेमकी ओळ गेली. छापून आलं ते असं:

'गुरुवारी सायंकाळच्या चर्चेत एका पक्षाच्या प्रवक्त्यांनी सहभागी महिलेला आईवरून शिवी दिली. निवेदकांनी माईक बंद करण्याऐवजी त्यांनाच पुढे बोलायला दिले. आमच्या घरातली सहा वर्षांची मुलगी आता भावल्यांशी त्याच भाषेत बोलते. मुले आपल्या बोलण्याची वही असतात. शिवी येताच आवाज बंद करण्याचा नियम वाहिन्यांनी स्वतःच का करू नये?'

नाव न्हाय, पण तारीख हाय. कट्ट्यावर कोण खुळं बसलेलं हुतं?

तर खाली बाळासो काका खांबाकडंच बघत ऱ्हायलेले. मग अमरसिंह उठला. हा विजयसिंहचा उजवा हात, बुलेटवाला.

"गणपाकाका," अमरसिंह म्हणाला, "हे तुमी लिव्हलंसा?"

तेजस्वी वरनं बघतीया, दोरी घट्ट धरलेली. गणपतरावांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. वीस वर्षं ते त्या खांबाला बसतात, कुणी कधी त्यांचा आवाज ऐकला न्हाय. नुसतं ऐकायचं आणि उठून कामाला जायचं, हे त्यांचं.

"व्हय," ते म्हणाले. "मीच."

"बरं," अमरसिंह म्हणाला. नुसतं बरं! त्यापेक्षा त्यानं आरडाओरडा केला असता तर तिला बरं वाटलं असतं.

सोमवार हुता, शिरोलीला सुट्टी. पप्पा वर आले, तांब्याभर पाणी प्याले.

"पप्पा, ते..."

"माहीत हाय मला," गणपतराव म्हणाले. "'मुले आपल्या बोलण्याची वही असतात.' माझ्या तोंडात बसतंय का असलं वाक्य?"

"मग मी न्हाय लिव्हलं म्हणून का सांगितला न्हाईसा?"

"मग कुणी लिव्हलं असं इचारलं असतं."

तेजस्वीची आई, बनाबाई, भाकरी थापता थापता रडायलाच लागली. "काय गरज हुती गं तुला? आं? त्यांची तोंडं, ती काय पण बोलतील. तू कोण लागून गेलीस?"

नऊ वाजता पत्राचा फोटो गल्लीच्या ग्रुपवर आला. पप्पांच्या नावाभोवती लाल गोल. खाली कुणीतरी लिहिलं, 'घरचाच भेदी.' दुसऱ्यानं, 'समोरच्यांनी पढवलंय, त्यांच्या माणसाबद्दल एक शब्द न्हाय.' तेजस्वीला ओरडून सांगावंसं वाटलं, अरे हुता की, दोन ओळी हुत्या, कापल्या! पण कुणाला सांगणार? दोन गाड्या घराखाली येऊन थांबल्या. पोरं काय बोलंनात, नुसती गाडी रेज करायची, थांबायचं, परत रेज करायची. तेजस्वी क्लासला गेली न्हाय. खिडकी लावली. मोनाला शाळेतनं आणायला दादा स्वतः गेला. प्रत्येक गाडी थांबली की ही खिडकीच्या फटीतनं बघायची, आणि गाडी गेली तरी फटीपाशीच.

साडेपाचला जिन्यावर पाय वाजले. अमरसिंह.

"काकी, च्या नको," दारातनंच तो म्हणाला. "काका, विजयसिंह साहेबांचा फोन आल्ता. आज सातच्या चर्चेत समोरची मंडळी तुमचं पत्र पडद्यावर नाचवणार म्हणं. 'बगा, त्यांच्याच तालमीतली माणसं तक्रार करत्यात.' त्याच्या आत आपला खुलासा पेपरकडं गेला पायजे, आणि 'खुलासा मिळाला' असं त्यांचं उत्तर साहेबांच्या मोबाईलवर पायजे. म्हंजे साहेब तेवढं कॅमेऱ्याला दाखवतील. चला खाली."

"मी कशाला येऊ?" गणपतराव म्हणाले.

"मान राखून सांगतोय, काका."

पप्पा चप्पल घालून निघाले. तेजस्वी मागनं उठली, बनाबाईनं तिचं मनगट धरलं. "बस हितंच. माफी मागतील, सुटंल." पण ती मनगट सोडवून गेली. जिना भिंतीला हात लावत उतरली.

तालमीच्या आत बायका जात न्हाईत. ती उंबऱ्याच्या अलीकडं उभारली. आत आठ-दहा पोरं, टीव्ही आवाज बंद करून चालू, आणि बाकड्यावर पप्पा. अमरसिंहनं कागद म्होरं केला.

"वाचा."

गणपतरावांनी वाचलं, ओठ हलवत. "'सदर पत्र मी लिहिलेले नाही. माझ्या नावाचा कोणीतरी गैरवापर केला आहे. त्या व्यक्तीचा शोध घेऊन तिच्यावर कारवाई व्हावी.'"

आता गंमत बगा, म्हंजे गंमत कसली. अमरसिंहनं सगळं मनानं रचलेलं, आणि त्यातलं अक्षर न् अक्षर खरं निघालं! पप्पांनी सही केली की पप्पा सुटले. त्यांचा खांब, त्यांचा चहा, गल्लीतली त्यांची मान, सगळं जागच्या जागी. फक्त तिसरी ओळ मागं राहणार, आणि ती ओळ त्यांच्याच घराचा जिना चढून येणार.

"कारवाई कशाला पायजे?" गणपतराव म्हणाले.

"तशी भाषा असती काका खुलाशाला. करा सही."

"ती ओळ काढ. बाकीचं करतो."

"ओळ ऱ्हाईल. आमालाबी बघायचं हाय, कुणाचे हात शिवशिवत्यात ते." अमरसिंह खाली वाकला. "का तुमाला माहीत हाय?"

पप्पांनी हातातल्या पेनाचं टोक तिसऱ्या ओळीवर ठेवलं. तेजस्वीला दिसत हुतं, लांबनंसुद्धा.

"न्हाय करत," ते म्हणाले आणि पेन बाकावर ठेवलं.

"नका करू. सहीनं काय अडतंय?" अमरसिंहनं कागदाचा फोटो काढला, खाली आपणच 'गणपतराव खाडे' म्हणून टाईप केलं, पत्रांखाली जो मेलचा पत्ता छापतात त्याच्यावर पाठवून दिलं. "झालं. आता उत्तराची वाट बगायची. उद्या पेपरात येतंय, तुमी काका घरला जावा, निवांत झोपा."

सहा वाजून पस्तीस मिनिटं. टीव्हीवर सातच्या चर्चेची जाहिरात लागलेली, सहा चौकोनांतल्या एका चौकोनात विजयसिंहचा फोटो. पोरांचं सगळं लक्ष अमरसिंहच्या मोबाईलकडं.

आणि वाजला तेजस्वीचा.

तिच्या ड्रेसच्या खिशात, एवढ्या मोठ्यांदा, की सगळी वळली. तिनं काढून बघितलं. नंबर ओळखीचा. रविवारचाच.

पाठवणारा कोणबी असू दे, इचारणार ते ह्याच नंबरवर! बाईंनी सांगितलेलं की. ती इसरली हुती. आणि अमरसिंहला माहीत असायचं कारणच न्हवतं.

बंद करावा? केला असता तर? पण अंगठाच हलंना. अमरसिंह उंबऱ्यापाशी आला, मोबाईलच्या पडद्याकडं बघितलं. 'पेपर' असं नावच दिसत हुतं, तिनंच सेव्ह केलेलं.

"पेपरवाल्यांचा फोन तुला कसा?" तो हळू आवाजात म्हणाला. "उचल. स्पीकरवर टाक."

तिनं टाकला.

"हॅलो, गणपतराव खाडेंच्या घरून ना?" त्याच बाई, तशाच घाईत. "त्यांचा खुलासा आलाय, पण मेल दुसऱ्याच कुणाचा आहे, सहीपण नाही. खुलासा त्यांनीच पाठवलाय का? हो असेल तर लावते, पान सोडायचंय मला."

एक 'हो' म्हणायचं हुतं फक्त. काल म्हणलं तसंच. तेजस्वीनं पप्पांकडं बघितलं. तेवढ्यात बाकड्यावरनं पप्पा उठून आले.

"बाई, मी गणपतराव बोलतोय," ते म्हणाले. "म्या काय पाठवलेलं न्हाय."

"मग मूळ पत्र तरी तुमचंच ना?"

पप्पांनी श्वास घेतला. आता ते परत 'व्हय, मीच' म्हणणार, हे तिला दिसलं, आणि त्या क्षणी तिला अमरसिंहपेक्षा त्या शब्दाचीच भीती वाटली.

"पत्र माझं हाय," ती म्हणाली. आवाज चिरका निघाला, पण निघाला. "तेजस्वी गणपतराव खाडे. पप्पांना ठाऊकच न्हवतं. मी त्यांचं नाव घातलं."

मग बाई भडकल्याच. "अहो, मी रविवारी स्पष्ट विचारलं होतं तुम्हाला! हो म्हणालात! दुसऱ्याच्या नावानं पत्र छापणं म्हणजे कळतं का तुम्हाला? उद्या मला हे दुरुस्त करून छापावं लागेल. तुमचं नाव जाईल. खरं नाव. चालेल?"

तिनं आजूबाजूला बघितलं. आठ-दहा तोंडं, सगळी ओळखीची. ह्याच पोरांबरोबर ती लहानपणी लपाछपी खेळलेली.

"चालंल," ती म्हणाली. "आणि बाई, शुक्रवारची ओळ कापलीसा तुमी. दुसऱ्या पक्षाचीबी. ती तेवढी घाला. न्हायतर लोकांना वाटतंय आमी कुणाचं तरी ऐकून लिव्हलं."

"बघते."

अमरसिंहचं तोंड लाल झालेलं. "तुझ्या आय..." त्यानं सुरू केलं.

"हॅलो? कोण बोलतंय?" फोनमधनं बाई म्हणाल्या.

अमरसिंह तिथंच थांबला. तोंड उघडंच. शब्द आतच ऱ्हायला. तेजस्वीनं फोन दोन्ही हातांनी धरला, खाली घेतला न्हाय.

"ठेवते मी," बाई म्हणाल्या, आणि फोन गेला. पण तेवढ्यात गणपतराव पोरीच्या आणि अमरसिंहच्या मधी येऊन उभारले हुते. नुसते उभारले, कुस्तीच्या आधी उभारतात तसे, पाय जरा फाकून. वय बावन्न, गुडघा दुखतो. तरी.

"जावा," अमरसिंह म्हणाला शेवटी. "बगू उद्या."

सातला चर्चा झाली. बनाबाईनं नको नको म्हणत असताना तेजस्वीनं घरात टीव्ही लावला, आवाज बारीक करून. पत्र कुणी दाखवलंच न्हाय! विषय भलताच, कारखान्याच्या निवडणुकीचा. पत्राचं नाव न्हाय, तालमीचं न्हाय, काय न्हाय. ज्याच्यासाठी दिवसभर जीव मुठीत धरला त्याची तिथं कुणाला गरजच न्हवती. वीस मिनिटांनी विजयसिंह परत कुणाच्या तरी बापावर घसरला. अँकर म्हणाला, "भाषा जपा." खाली तालमीतनं शिट्टी आली. एकच आली, आणि मधीच थांबली.

रात्रभर तेजस्वी, पप्पा आणि आई, तिघांपैकी कुणी झोपलं न्हाय.

सकाळी सात. तेजस्वी गॅलरीत, दोरीला धरून. पप्पांची दुसरी पाळी, म्हणून ते नेहमीच्या वेळेला खाली गेले. कट्ट्यावर खांबाजवळ जागा हुती, पण आजूबाजूची माणसं जरा सरकून बसलेली, खांब मोकळा मोकळा. चहाचा ग्लास कुणी दिला न्हाय. अमरसिंह बुलेटवर बसूनच.

बाळासो काकांनी निधन वार्ता वाचल्या, मैदानाची जाहिरात वाचली. पत्रांवर आले. एकदा बघितलं, चष्मा पुसला, परत बघितलं, आणि म्हणाले, "रंकाळ्याच्या रस्त्यावर खड्डे..."

"बाळासो," गणपतराव म्हणाले. "त्याच्या वरचं ऱ्हायलं."

"असू दे की गणपा. कशाला..."

गणपतरावांनी हात म्होरं केला. बाळासो काकांनी बुलेटकडं बघितलं, मग पेपर दिला. वीस वर्षांत पहिल्यांदा गणपतराव कट्ट्यावर उभारून वाचायला लागले. अक्षर लागंना, एका शब्दावर दोनदा अडले.

"'काल छापलेलं पत्र गणपतराव खाडे यांचं नसून त्यांच्या मुलीचं आहे. चुकीबद्दल ती दिलगीर आहे. तिचं म्हणणं असं, की शुक्रवारी दुसऱ्या पक्षाचे प्रवक्तेही तसेच बोलले. शिवी कुणाचीही असो, माईक बंद व्हावा.'"

खाली बुलेट चालू झाली. जाईना. नुसती धडधडत ऱ्हायली. तेजस्वीच्या तळहाताला दोरीचा वळ उठला. पप्पांनी आवाज चढवला, गाडीच्या वर.

"खाली नाव हाय," ते म्हणाले, "तेजस्वी गणपतराव खाडे, कोल्हापूर."